शंभर नॅनोमीटरचा थर: फुग्यावर लख्ख, काचेवर मंद

"पातळ थराचं गणित अगदी सोपं आहे. परावर्तन झालं की प्रकाश अर्ध्या तरंगलांबीने उलटतो, म्हणून थराची जाडी पाव तरंगलांबी असली की परतणारा प्रकाश नाहीसा होतो. साबणाचा फुगा असो की चष्म्याचं कोटिंग, नियम एकच. नाहीसा झालेला प्रकाश कोटिंग गिळून टाकतं. फुग्यातले रंग प्रिझमसारखेच सुटे होतात, आणि वरचा काळा डाग म्हणजे पडदा फाटलेली जागा. चष्म्यावर जांभळी-हिरवी झाक दिसली तर कोटिंग बनावट समजा."

हा मजकूर फोनवर फिरणाऱ्या एका फॉरवर्डमधला, आणि त्यातलं जवळपास सगळं चूक आहे. काळ्या डागापासून सुरुवात करतो, कारण तो घरी पाच मिनिटांत तपासता येतो आणि बाकीच्या गोष्टीचं मूळही त्यातच आहे.

अर्धी वाटी पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण चमचाभर घाला, जमलं तर थोडं ग्लिसरीन. त्यात एक बांगडी बुडवून हळूच बाहेर काढा, म्हणजे तिच्यात पडदा धरला जाईल. बांगडी उभी धरा, हात न हलवता. मागे काळं कापड हवं आणि खिडकी तुमच्या पाठीशी, म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब पडद्यात दिसेल. आधी फिकट गुलाबी-हिरवे आडवे पट्टे दिसतात. पाणी खाली ओघळत जातं तसे पट्टे खाली सरकतात आणि वरचे रुंद, गडद होत जातात. मग अगदी वर चांदीसारखा पांढरा पट्टा येतो, आणि त्याच्याही वर एक काळा तुकडा, धारदार कडेचा.

आता त्या काळ्या तुकड्यावर अगदी हलकी फुंकर घाला. तो हलतो, लांबतो, त्याचे ठिपके रंगीत भागात घुसून पुन्हा वर तरंगत येतात. भोक असं वागत नाही. साबणाच्या पडद्याला भोक पडलं की पृष्ठताण त्याची कड मागे ओढतो, आणि एक मायक्रॉन जाडीच्या पडद्यात हा वेग सेकंदाला सात-आठ मीटर निघतो. पडदा जितका पातळ, तितका वेग जास्त. सहा सेंटिमीटरची बांगडी सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात रिकामी होईल. तुमचा काळा तुकडा तर कित्येक सेकंद टिकतो. न्यूटनने सतराव्या शतकात फुग्याच्या माथ्यावरचे हे काळे ठिपके नीट न्याहाळले होते आणि त्यांच्यातही मेणबत्तीचं अगदी अंधुक प्रतिबिंब दिसतं हेही टिपलं होतं. अंधुक का होईना, प्रतिबिंब आहे म्हणजे तिथे काहीतरी आहे. जे आहे ते सुमारे ५ ते ३० नॅनोमीटर जाडीचं आहे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५५० नॅनोमीटर, त्यापुढे हे जवळपास शून्यच.

खरी अडचण इथे सुरू होते. पडदा इतका पातळ असेल तर पुढच्या पृष्ठावरून परतलेली लहर आणि मागच्या पृष्ठावरून परतलेली लहर यांच्या वाटेत फरक असा उरतच नाही. दोघी बरोबर निघाल्या आणि बरोबर आल्या. मग त्यांची बेरीज व्हायला हवी, काळ्या जागी सगळ्यात जास्त उजेड हवा. दिसतो मात्र अंधार.

याचं उत्तर प्रयोगाशिवाय, नुसत्या विचारानेही मिळतं. पडदा पातळ करत करत शून्यावर न्या. काय उरलं? पुढे हवा, मागे हवा, मध्ये काहीच नाही. हवेतून हवेत जाताना परावर्तन होत नाही. म्हणजे जाडी शून्याकडे जाताना दोन्ही परावर्तनांची वजावट व्हायलाच हवी, म्हणजे दोघींपैकी एकच उलटी झालेली असायला हवी. दोन्ही उलटल्या असत्या किंवा एकही उलटली नसती, तर नसलेल्या पडद्यावरून प्रकाश परतला असता.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याची मुख्य चूक हीच. परावर्तन झालं म्हणजे लहर उलटतेच असं नाही. ती उलटते कमी अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाशाला कमी मंदावणाऱ्या, माध्यमातून येऊन जास्त अपवर्तनांकाच्या माध्यमावर आपटली तर. उलट दिशेने, जास्तीकडून कमीकडे जाताना परतली, तर ती सरळच परतते. शाळेत हे दोरीवर दाखवता येतं. सुतळीच्या टोकाला जाड सोल बांधा आणि सुतळीला वर झटका द्या. गाठीपाशी पोचलेल्या झटक्याचा काही भाग मागे येतो तो खाली उलटा होऊन. आता झटका सोलाच्या बाजूने द्या. गाठीवरून परत येणारा भाग सरळच येतो, कारण पुढची सुतळी हलकी आहे, ती गाठीला अडवत नाही.

प्रकाशात हा उलटा-सरळपणा एका साध्या भागाकारात बसतो. पहिल्या माध्यमाच्या अपवर्तनांकातून दुसऱ्याचा वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. (प्रकाश पृष्ठावर सरळ, काटकोनात पडतो असं धरून.) उत्तर म्हणजे परतणाऱ्या लहरीची उंची, मूळ उंचीच्या प्रमाणात. उत्तर ऋण आलं तर लहर उलटली. उजेड किती परतला हे हवं असेल तर त्या आकड्याचा वर्ग करा.

साबणाच्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरू. हवेतून पाण्यात जाताना आकडा येतो उणे ०.१४. मागच्या बाजूला पाण्यातून हवेत जाताना अधिक ०.१४. पडदा अतिपातळ असेल तर बेरीज शून्य, म्हणून काळा. आता पडद्याची जाडी पाव तरंगलांबी करा. इथे एक छोटी गफलत नेहमी होते: तरंगलांबी थराच्या आतली घ्यायची, हवेतली नाही. पाण्यात ५५० ची ४१४ होते, तिचा पाव सुमारे १०३ नॅनोमीटर. मागून येणारी लहर जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी जास्त चालली, म्हणून तिचं चिन्ह पुन्हा बदललं, आणि आता दोन्ही उणे ०.१४ झाल्या. बेरीज ०.२८, वर्ग सुमारे ०.०८. म्हणजे ८ टक्के उजेड परत. एकट्या पृष्ठावरून २ टक्केच परततो, त्याच्या चौपट. (आतल्या आत पुनःपुन्हा होणारी परावर्तनं धरली तर आकडा ७.७ च्या आसपास येतो. इथे फरक पडत नाही.)

पाव तरंगलांबीला फुगा नाहीसा होतो म्हणे. तो तर त्या जाडीला सगळ्यात लख्ख असतो. काळ्याच्या खालचा तो चांदीचा पट्टा हाच.

आता लेन्स. काचेचा अपवर्तनांक १.५२, आणि तिच्यावरचा जुना, साधा, एकेरी थर म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइड, अपवर्तनांक १.३८. हवेतून थरात जाताना आकडा उणे ०.१६. थरातून काचेत जाताना उणे ०.०४८. दोन्ही ऋण, कारण दोन्ही ठिकाणी प्रकाश कमीकडून जास्तीकडे चालला आहे. दोघी उलटल्या, म्हणजे एकमेकींच्या तुलनेत कुणीच उलटलं नाही. इथेही शून्याची कसोटी लावा: थर पातळ होत नाहीसा झाला तर उरते उघडी काच, आणि उघडी काच ४.३ टक्के उजेड परत फेकते. आपल्या आकड्यांची बेरीज उणे ०.२०८, वर्ग ०.०४३. जुळलं. आता थर पाव तरंगलांबीचा करा, म्हणजे १०० नॅनोमीटर. दुसरीचं चिन्ह बदललं: उणे ०.१६ अधिक ०.०४८, म्हणजे उणे ०.११२. वर्ग सुमारे ०.०१२५, सव्वा टक्का.

तेव्हा १०३ नॅनोमीटरचा पाण्याचा थर हवेत टांगला तर सर्वांत उजळ, आणि जवळपास तेवढ्याच जाडीचा थर काचेवर बसवला तर सर्वांत मंद. थर तोच, मागे काय आहे एवढंच बदललं. ज्याने काचेसाठी थराची जाडी हवेतल्या तरंगलांबीवरून काढली, म्हणजे ५५० चा पाव १३७ नॅनोमीटर, त्याचा मंद बिंदू ७६० नॅनोमीटरवर, डोळ्याच्या टप्प्याबाहेर जाऊन बसेल आणि हिरव्या प्रकाशात दोन टक्क्यांहून जास्त चकाकी उरेल.

थराचा अपवर्तनांक काचेपेक्षा जास्त असला तर? टायटॅनियम डायऑक्साइड घ्या, अपवर्तनांक साधारण २.३. हवेकडची लहर उलटते, काचेकडची सरळ येते, पुन्हा फुग्यासारखी स्थिती. पाव तरंगलांबीचा असा थर काचेवर दिला तर परावर्तन ३० टक्क्यांवर जातं. प्रकाश वाटून घेणारे आरसे असेच करतात. म्हणजे "पाव तरंगलांबी" हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. थराचा अपवर्तनांक दोन्ही बाजूंच्या मधला आहे की नाही ते आधी विचारायचं.

हे कागदावरचं गणित आहे असं कुणी म्हणू नये. इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंगने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच ते तपासलं. काचेच्या पट्टीवर बहिर्गोल भिंग ठेवलं की मध्ये काळा ठिपका आणि भोवती रंगीत कडी दिसतात. हवेची ती पातळ फट फुग्याच्या पडद्याच्या नेमकी उलट, काच-हवा-काच, पण उलटणारं पृष्ठ तिथेही एकच, म्हणून मध्य काळा. यंगने दोन वेगवेगळ्या काचा घेतल्या, एक कमी आणि एक जास्त अपवर्तनांकाची, आणि फटीत ससाफ्रास नावाच्या झाडाचं तेल भरलं, ज्याचा अपवर्तनांक दोन्ही काचांच्या मधला. मधला काळा ठिपका पांढरा झाला. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग आहे, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो. तिथे फक्त "π एवढं कलांतर", म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा फरक, असं लिहून पुढे जातात, आणि मग अशा फॉरवर्डना जागा मिळते.

प्रकाश गिळण्याबद्दल. गिळला असता तर लेन्स काळपट दिसली असती. उलट कोटिंग असलेल्या लेन्समधून जास्त प्रकाश पलीकडे जातो. हॅरोल्ड डेनिस टेलर या इंग्लिश लेन्स-रचनाकाराच्या हे १८९० च्या दशकात लक्षात आलं, तेही कोटिंग नसताना: जुन्या, हवा लागून डागाळलेल्या काचेच्या लेन्स नव्या लेन्सपेक्षा जास्त प्रकाश आत सोडत होत्या. काचेच्या पृष्ठावर कमी अपवर्तनांकाचा नैसर्गिक थर तयार झाला होता.

मग परत न आलेला प्रकाश पुढे कसा जातो? मागे येणाऱ्या दोन लहरींवरच सगळे थांबतात, पुढे जाणाऱ्याही दोन आहेत हे विसरतात. एक लहर थरातून सरळ काचेत गेली. दुसरी काचेवर आपटून मागे आली (इथे उलटली), थराच्या वरच्या पृष्ठावर आतून आपटून पुन्हा पुढे निघाली (जास्तीकडून कमीकडे, म्हणून उलटली नाही). पाव तरंगलांबीच्या थरात ती अर्धी तरंगलांबी जास्त चालली, आणि एकदा उलटल्यामुळे आणखी अर्धी. एकूण पूर्ण एक. म्हणजे ती पहिलीच्या सुरात सूर मिळवून काचेत शिरते. ही दुसरी लहर बारीक असते, ०.१६ गुणिले ०.०४८, म्हणजे ०.००७७. पण लहरींच्या उंचीची बेरीज करून वर्ग केला की तिचा परिणाम दुप्पट होतो, सुमारे दीड टक्का. ती धरली नाही तर दोन पृष्ठं ओलांडून ९७.२ टक्के प्रकाश काचेत पोचतो. धरली की ९८.७. मागे परतणारे सव्वा टक्का त्यात मिळवा, शंभर भरतात. गिळायला काही शिल्लकच नाही.

एका पृष्ठावरची ही बचत किरकोळ वाटेल. पण सात सुट्या भिंगांच्या कॅमेऱ्याच्या लेन्सला हवेला लागलेली चौदा पृष्ठं असतात. उघड्या काचेत प्रत्येक पृष्ठावर ४.३ टक्के गेले तर शेवटी ५४ टक्के प्रकाश पोचतो. साध्या एकेरी थराने ८४ टक्के. आणि जो पोचत नाही तो भिंगांमध्ये इकडून तिकडे आपटत फोटोवर धुकं पसरवतो, तो तोटा वेगळाच.

प्रिझमचा मुद्दा थोडक्यात. प्रिझम रंग वेगवेगळ्या दिशांना वळवतं, पडदा काही रंग परत फेकताना पुसून टाकतो. ओळखायचं कसं? प्रिझममध्ये किंवा इंद्रधनुष्यात राणी रंग कधीच नसतो. साबणाच्या पडद्यात तो ठळक असतो. २०० नॅनोमीटर जाडीला हिरवा पुसला जातो, लाल आणि निळा उरतात, आणि डोळ्याला राणी दिसतो. १७० च्या आसपास निळा पुसला म्हणून पिवळट, २५० ला लाल पुसला म्हणून निळा. वरून खाली पाहिलं तर काळा, चांदी, पिवळट, राणी, निळा असा क्रम लागतो, आणि तो इंद्रधनुष्याचा नाही. पडदा दोन मायक्रॉनचा झाला की एकाच वेळी पाच-सहा वेगवेगळ्या तरंगलांबी जोरात परततात, डोळा त्यांची मिसळ पांढरी पाहतो आणि रंग संपतात. पडद्यात प्रिझमसारखं काही असतं तर जाडी वाढल्यावर रंग जायचं कारण नव्हतं.

राहिली चष्म्याची झाक. एकेरी थर हिरव्यासाठी नेमका केला तर हिरव्यात सव्वा टक्का परततो, पण ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्यात २.२ आणि ७०० च्या लालमध्ये १.६. परत येणाऱ्या उजेडात लाल-जांभळं जास्त, हिरवं कमी, म्हणून जांभळट झाक. जुन्या कॅमेऱ्यांच्या आणि दुर्बिणींच्या भिंगांवर हीच दिसते. हल्लीच्या चष्म्यांवर कमी-जास्त अपवर्तनांकाचे कित्येक थर एकावर एक असतात. त्यात परावर्तन दोन ठिकाणी तळाला नेतात आणि मध्ये, हिरव्याकडे, छोटा उंचवटा राहतो किंवा ठेवतात. म्हणून हिरवी झाक. ही झाक म्हणजे व्यतिकरण, लहरींची ही बेरीज-वजाबाकी, होत असल्याची खूण. दुकानात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब लेन्समध्ये पाहा: उघड्या लेन्समध्ये ते पांढरं आणि झगझगीत, कोटिंगच्या लेन्समध्ये मंद आणि रंगीत. लेन्स तिरकी करत गेलात तर रंग बदलतो, कारण तिरक्या प्रकाशात थराच्या आतल्या वाटांचा फरक कमी होतो आणि मंद बिंदू निळ्याकडे सरकतो. नुसता रंग लावलेली लेन्स अशी बदलत नाही. थर किती टिकेल, ओरखडा किती सोसेल, हे मात्र झाकेवरून कळत नाही. ते जो विकतो त्यालाच विचारावं लागेल.

आणि एक तक्रार सगळेच करतात, की कोटिंगचा चष्मा लगेच मळतो. तो उघड्या काचेपेक्षा जास्त मळत नाही, मळ जास्त दिसतो. बोटाच्या तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास. तेलाचा थर वर बसला की हवेकडचं पृष्ठ आता तेलाचं झालं, तिथून साडेतीन टक्के उजेड परततो, आणि खालच्या थरांनी त्याच्याशी वजावट करायची जी आखणी केली होती ती मोडते. भोवती सव्वा टक्का आणि ठशाच्या जागी जवळपास तिप्पट, म्हणून ठसा उठून दिसतो. उघड्या काचेवर तोच ठसा चार टक्क्यांच्या शेजारी साडेतीन टक्के, जवळपास लपून जातो. कोटिंगच्या लेन्सच्या एका कोपऱ्यावर बोट टेकवून ट्यूबलाइटखाली धरा. जिथे टेकवलं तिथली झाक गेलेली आणि पांढरी चकाकी परत आलेली दिसेल.